आकृती एकच, कसोटी मात्र दर वेळी वेगळी

माझी भाची खानापूरला मराठी शाळेत नववीत आहे. दसऱ्याच्या सुट्टीत ती बेळगावला आमच्याकडे आली, ती भूमितीची वही घेऊनच. बा म्हणजे बाजू, को म्हणजे कोन. दोन त्रिकोण एकरूप आहेत का हे ठरवायच्या बाकोबा, कोबाको, बाबाबा या तिन्ही कसोट्या तिला तोंडपाठ होत्या. अडत होतं ते पुढेच. गणित समोर आलं की यातली नेमकी कोणती लावायची? आकृती बघून ती अंदाजाने एक नाव लिहून टाकायची.

म्हणून मी मुद्दाम एकच आकृती घेतली. त्रिकोण ABC, आणि A पासून पाया BC वरच्या D या बिंदूपर्यंत एक रेषाखंड. त्रिकोण ABD आणि ACD एकरूप आहेत हे सिद्ध करायचं. आकृतीला हात लावायचा नाही, फक्त पक्ष, म्हणजे दिलेली माहिती, बदलत जायचा.

पहिल्यांदा दिलं, AB = AC आणि D हा BC चा मध्यबिंदू. तिने पेन्सिलीने समान बाजूंवर खुणा केल्या. BD = CD झाली, AD तर दोघांची सामाईक बाजू. कोनाबद्दल पक्षात एक अक्षर नाही, पण तिन्ही बाजू जुळल्या. बाबाबा.

मग मध्यबिंदू काढून टाकला आणि सांगितलं, AB = AC, आणि AD हा कोन A दुभागतो. आता BD आणि CD समान आहेत हे आपल्याला ठाऊक नाही. पण AB, AD आणि त्या दोघींच्या मधला कोन BAD हे दुसऱ्या त्रिकोणातल्या AC, AD आणि कोन CAD यांच्याशी जुळतात. बाकोबा. इथे ती म्हणाली, "कोन B आणि C पण समान आहेत की मामा, तेही लिहू?" मी थांबवलं. समान बाजूंसमोरचे कोन समान असतात, हे प्रमेय बरेचदा याच आकृतीवरून, याच बाकोबाने सिद्ध करतात. साध्य तेच असेल तर ते आधीच खरं धरून चालत नाही.

तिसऱ्या वेळी AB = AC काढून घेतलं. AD कोन A दुभागतो आणि BC ला लंब आहे, एवढंच. आता हाताशी दोन कोन, एक A पाशी, एक D पाशी, आणि त्यांना जोडणारी सामाईक बाजू AD. कोबाको. AB = AC हे इथे सिद्धतेतून बाहेर पडतं.

तोवर तिच्या हाताला एक वळण लागलं होतं. आधी समान जोड्या कारणासकट एकाखाली एक लिहायच्या, कोन आला की तो कोणत्या दोन बाजूंमध्ये आहे ते बघायचं, कसोटीचं नाव सगळ्यात शेवटी.

चौथा पक्ष मी राखून ठेवला होता. AB = AC आणि AD लंब BC. तिने लगेच बाकोबा लिहिलं. "दोन बाजू आहेत, एक कोन आहे की!" बाजू AB आणि AD, कोन D पाशी ९० अंशांचा. पण D पाशीचा कोन AD आणि BD यांच्या मधला. AB तर त्याच्या समोरची बाजू.

"मधला नसला म्हणून काय झालं?" तिने विचारलं. प्रश्न रास्त होता, म्हणून कंपास काढायला लावला. एक लांब किरण काढून त्याच्या टोकाला, P पाशी, ३० अंशांचा कोन केला. त्याच्या दुसऱ्या भुजेवर ८ सेंमीवर Q घेतला. आता Q वर कंपासचं टोक ठेवून ५ सेंमीचा कंस मार म्हटलं. कंसाने खालचा किरण दोन ठिकाणी छेदला, P पासून सुमारे ३.९ सेंमीवर R आणि सुमारे ९.९ सेंमीवर S. त्रिकोण PQR आणि PQS, दोघांत बाजू ८ आणि ५, कोन ३०. पण एक चिंचोळा, दुसरा ऐसपैस. ती पट्टीने पुन्हा मोजत बसली.

मग चौथा पक्ष चुकीचा का? नाही, ते त्रिकोण एकरूपच आहेत. Q पासून किरणावर लंब टाकला तेव्हा तो ४ सेंमी भरला, आणि त्याच्या पायापासून R आणि S दोन्हीकडे ३–३ सेंमीवर निघाले. म्हणजे QR आणि QS या समान बाजूंचा आमचाच त्रिकोण, मधे लंब. कोन काटकोन असला की कंसाचे दोन्ही छेद लंबाच्या दोन बाजूंना सारख्याच अंतरावर पडतात, तिसऱ्या बाजूला दुसरी लांबी उरतच नाही. पायथागोरसने हिशेब केला तरी तेच, २५ वजा १६, म्हणजे ९, आणि त्याचं वर्गमूळ ३. म्हणून काटकोनासाठी वेगळी कर्ण-भुजा कसोटी आहे. भाचीने बाकोबा खोडून तिथे ते नाव लिहिलं आणि कंसात कारण दिलं, कर्ण AB = AC, भुजा AD सामाईक.