आमची वाटचाल : अठरा पुल्या आणि दोन खडू

एक वेल्डिंग मशीन, एक ग्राइंडर आणि दोन भागीदार, एवढ्यावर आमचं सुरू झालं. दुसरे भागीदार म्हणजे दादा. त्यांचं बीड, म्हणजे वेल्डची ओळ, पाहून लोक विचारायचे, हे हातानं घातलंय की मशीनवर? पहिली चार वर्षं कामं येत गेली, जात गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते अठरा पुल्यांचं.

कन्व्हेयरच्या पुल्या होत्या. शाफ्ट ईएन ८ या मध्यम कार्बनच्या पोलादाचा, ९० मिलिमीटर व्यासाचा. त्यावर साध्या पोलादाच्या २५ मिलिमीटर जाडीच्या चकत्या, आणि चकती जिथं शाफ्टला भिडते तिथं ८ मिलिमीटरचा फिलेट. (जाणकार म्हणतील, ईएन ८ च्या शाफ्टला शक्यतो वेल्ड लावूच नये. खरं आहे, पण ड्रॉइंग आमचं नव्हतं.) दादांनी टाके मारले, पास घातले, स्लॅग झाडला. संध्याकाळी डीपी, म्हणजे पृष्ठभागावरची चीर दाखवणारी लाल रंगाची तपासणी, मारली, तर पांढऱ्यावर लाल रेघ एकही नाही. दुसऱ्या दिवशी माल गेला.

तिसऱ्या दिवशी ग्राहकाचा फोन. अकरा शाफ्टांवर वेल्डच्या अगदी काठाला केसाएवढी चीर. तिकडच्या तपासनिसानं कागदावर लिहिलं, ‘वेल्डरचं कौशल्य अपुरं’. ते तीन शब्द आजही टोचतात. त्याच आठवड्यात शेजारच्या शेडवाल्यानं त्या ग्राहकाला सांगितलं की हे काम आपण याहून स्वस्तात आणि अर्ध्या वेळेत करू. ऑर्डर तिकडे गेली. दादांनी महिनाभर हातात होल्डर धरला नाही.

आमचं दुकान तेव्हाच बंद व्हायचं, पण एक जुने ग्राहक होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. ते आले, चिरलेला एक शाफ्ट उचलला आणि म्हणाले, “वेल्ड चिरलेलं नाहीये. वेल्डच्या शेजारचा शाफ्ट चिरलाय. कापून बघा.”

कापला. तुकडा घासून आरशासारखा केला आणि रचना उठून दिसावी म्हणून नायटल हे आम्लाचं द्रावण लावलं. वेल्ड वेगळं दिसलं, मूळ शाफ्ट वेगळा, आणि मध्ये दोन-तीन मिलिमीटरचा गडद पट्टा. हा हॅझ : न वितळता नुसत्या उष्णतेनं बदललेला भाग. चीर वेल्डच्या कडेपासून निघून या पट्ट्यात आत शिरली होती. काकांच्या ओळखीनं प्रयोगशाळेत कडकपणा मोजून घेतला, तर वेल्डला चिकटून तो साडेपाचशे विकर्सच्या पुढे. साडेतीनशेच्या वर गेलं की सावध व्हायचं, असा धंद्यातला ठोकताळा आहे.

झालं असं होतं. वेल्डला लागून असलेल्या भागात तापमान अकराशे अंशांच्या वर जातं, तिथले दाणे फुगून मोठे होतात. दाणे मोठे म्हणजे त्यांच्या हद्दी कमी. मऊ फेराइटची सुरुवात या हद्दींवरून होते, त्यामुळे त्याला बसायला जागाच कमी उरते. त्यात ९० मिलिमीटरचा गार शाफ्ट शेजारी. ८०० वरून ५०० अंशांवर तो भाग काही सेकंदांत उतरतो, आणि ०.४ टक्के कार्बनच्या पोलादाला तेवढं पुरतं. मऊ रचना व्हायला वेळ मिळत नाही, मार्टेन्साइट होतं, काचेसारखं ठिसूळ.

पण नुसतं मार्टेन्साइट असं दोन दिवसांनी चिरत नाही. त्याला हायड्रोजन लागतो. रात्री पाऊस होता, रॉडचं पुडकं उघडं राहिलं होतं, कोटिंगनं ओल धरली होती. आर्कमध्ये त्या ओलीचा हायड्रोजन होतो आणि वितळलेल्या धातूत मिसळतो. पुढची गंमत मला काकांनी समजावली. वेल्डच्या धातूत कार्बन कमी असतो, म्हणून तो आधी, जास्त तापमानावर फेराइट होतो. फेराइटमध्ये हायड्रोजन फारसा मावत नाही. शेजारचा हॅझ मात्र अजून ऑस्टेनाइट, म्हणजे पोलादाची तापलेली रचना, असतो आणि ऑस्टेनाइटमध्ये तो भरपूर मावतो. मग वेल्ड आपला हायड्रोजन हॅझकडे ढकलतं. नंतर हॅझचं मार्टेन्साइट होतं आणि हायड्रोजन आतच अडकतो. गार झाल्यावर तो हळूहळू सरकत जिथं ताण जास्त तिथं, म्हणजे वेल्डच्या काठाला गोळा होतो. याला तास लागतात, कधी दोन दिवसही. संध्याकाळी डीपी कोरी निघाली यात नवल नव्हतं. चीर तेव्हा जन्मलीच नव्हती.

उरलेले सात शाफ्टही आम्ही भंगारात घातले. बीडखालची चीर पृष्ठभागापर्यंत आली नसेल तर डीपीला ती कधीच दिसत नाही. अठराही नवे केले, स्वतःच्या खर्चानं.

या वेळी आधी सर्टिफिकेट वाचलं. कार्बन ०.४१, मँगनीज ०.७८, बाकीचं नगण्य. त्यावरून सीई, म्हणजे कार्बन इक्विव्हॅलंट काढला; तो जितका जास्त, तितकी चिरण्याची भीती जास्त.

```
CE = C + Mn/6 + (Cr+Mo+V)/5 + (Ni+Cu)/15
   = 0.41 + 0.78/6 = 0.54
```

एवढा आकडा आणि एवढी जाडी म्हटल्यावर आम्ही २०० अंशांचं प्रीहीट ठरवलं. शाफ्ट रोलरवर फिरवत दोन बाजूंनी टॉर्च लावले. ज्योत फिरत असताना वरची कातडी खोटं बोलते, म्हणून ती बाजूला करून सात-आठ मिनिटं थांबायचं, आतलं-बाहेरचं तापमान एक होऊ द्यायचं आणि मग सांध्यापासून ७५ मिलिमीटरवर तापमानाचा खडू ओढायचा. २०० चा वितळला पाहिजे, २५० चा वितळता कामा नये. दादांनी हे दोन खडू शर्टाच्या खिशात पेनासारखे लावले, ते आजतागायत तिथंच आहेत. रॉड ३५० अंशांवर तासभर भाजून, तिथून पोर्टेबल ओव्हनमध्ये आणि ओव्हनमधून थेट होल्डरला. संपेपर्यंत काम २०० च्या खाली जाऊ दिलं नाही. शेवटच्या पासनंतर २५० वर दोन तास धरलं आणि सिरॅमिक ब्लँकेटखाली गार होऊ दिलं.

प्रीहीटनं मार्टेन्साइट होतच नाही, असा अनेकांचा समज असतो. ईएन ८ मध्ये ते थोडं उरतंच. नंतरच्या तुकड्यावर आम्हाला चारशेच्या आतबाहेर आकडे मिळाले. पण गार होण्याचा वेग मंदावल्यामुळे ते कमी होतं आणि मुख्य म्हणजे काम बराच वेळ गरम राहतं. त्या तापमानाला हायड्रोजन झपाझप निघून जातो, आणि काम हाताला सोसेल इतकं गार होईपर्यंत चिरण्यापुरता आत राहतच नाही. डीपी बहात्तर तासांनी मारली. अठराही कोऱ्या.

आता कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. टाक्यालाही प्रीहीट करा. टाका सगळ्यात छोटा म्हणून सगळ्यात लवकर गार होतो. आमच्या अकरांपैकी ज्या चार कापल्या, त्या सगळ्यांत चीर टाक्याच्या जागेवरून निघाली होती. आणि आर्क पेटवायला शाफ्टवर रॉड घासू नका. तो टिकलीएवढा डागसुद्धा एक वेल्डच आहे.

त्यानंतरची अकरा वर्षं बरी गेली. काका गेले, त्यांचा मुलगा माल देतो.

गेल्या महिन्यात त्याच शेजारच्या शेडमधली एक पुली दुरुस्तीला आली, थेट तिच्या मालकाकडून. वेल्डच्या काठाला तीच केसाएवढी चीर. दादांनी चष्मा लावून पाहिली आणि काहीच बोलले नाहीत. नवा शाफ्ट घातला, आणि बिलात प्रीहीटची ओळ मी वेगळी लिहिली, जाड अक्षरात.