मांडव परतणीचे ताट

आमच्या बेळगाव भागात अक्षतांच्या दिवशीचे जेवण शाकाहारी असते, त्यामुळे त्या दिवशी फक्त डोकी मोजली की काम भागते. बुंदी आणि मसालेभात थोडा उरला तरी शेजारीपाजारी जातो. खरा हिशेब असतो तो लग्नानंतरच्या मांडव परतणीच्या जेवणाचा, कारण तिथे मटण असते आणि एका ताटाची चूक दोन पातेल्यांत उमटते. पुतणीच्या लग्नात कोणाकडून किती जण येणार, ही विचारणा करण्याचे काम माझ्याकडे आले. घराण्याचा व्हॉट्सॲप गट आधीपासून होता: घरे चोवीस, फोन एकसष्ट.

आमच्या गटातला नेहमीचा निरोप असा असतो : ‘सर्वांनी यायचे आहे, किती जण येणार ते कळवावे.’ त्यावर जोडलेले हात येतात, आणि ते हात होकाराचे, शुभेच्छांचे की दिलगिरीचे हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. ‘आम्ही सगळे’ असे उत्तर निपाणीच्या मामांकडून आले, तर ते चारही असू शकतात आणि अकराही. पुतण्याने गटावरच मतदान घेण्याचे सुचवले. पण मतदानात फोन मोजले जातात, माणसे नव्हेत. नवरा-बायको दोघेही बोट लावतात, आणि ज्यांच्याकडे फोनच नाही त्या आजी पंगतीत मात्र पहिल्या बसतात. दुसरा प्रकार म्हणजे सर्वांनी एकच यादी उतरवून घेत खाली आपली ओळ वाढवायची. दोन घरांनी एकाच वेळी तशी यादी उतरवली की नंतरच्या यादीतून आधीची ओळ गळते. नवी यादी आली आणि तरीही ओळी वाढल्या नाहीत, तर कोणीतरी गळले आहे असे खुशाल समजावे.

म्हणून निरोप असा लिहिला : ‘मांडव परतणीचे जेवण शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता आहे. प्रत्येक घरातून एकाच व्यक्तीने, आपल्या घराच्या नावासह, एकदाच लिहावे : मोठी माणसे किती, आठ वर्षांखालील मुले किती, आणि मोठ्यांपैकी त्या रात्री मटणाची ताटे किती व शाकाहारी किती.’ खाली तेच कन्नडमध्ये, कारण गोकाककडे दिलेल्या मुलींच्या घरी मुले कन्नडच वाचतात. उत्तरांची बेरीज मी वहीत केली.

या निरोपातले मोलाचे शब्द ‘त्या रात्री’ हे होते. माणूस शाकाहारी आहे की मांसाहारी, हा प्रश्न आपल्याकडे अपुरा पडतो, कारण बरीच घरे वार पाळतात. खानापूरच्या आत्यांनी लिहिले, ‘आम्ही खातो, पण शुक्रवार यल्लम्माचा.’ अशी चौदा माणसे निघाली. त्यांना आहारावरून मोजले असते तर मोठ्यांमध्ये मटणाची ताटे अठ्ठ्याहत्तर आणि शाकाहारी सतरा झाली असती. त्या रात्रीचे आकडे निघाले चौसष्ट आणि एकतीस. आमच्या आचाऱ्यांच्या हिशेबाने एका किलोत सहा ताटे होतात आणि मुलाचे अर्धे ताट धरले जाते. अकरा मुले धरून चौदाऐवजी बारा किलो मटण पुरले. दोन किलो जास्त आले असते तर फारसे बिघडले नसते. पण शाकाहारी भाजी सतरा जणांची शिजली असती आणि पंगतीला एकतीस बसले असते, तर मात्र आत्यांनी ते पुढच्या तीन लग्नांत ऐकवले असते.

याखेरीज सहा ताटे होती चिकोडीकडच्या जैन घराची. चुलतबहीण त्या घरी दिलेली आहे. त्यांना केवळ शाकाहारी म्हणून एकतीसमध्ये मिळवणे चुकीचे ठरले असते, कारण कांदा, लसूण, बटाटा चालत नाही आणि सूर्यास्तानंतर तर काहीच चालत नाही. सातची पंगत त्यांच्या उपयोगाची नव्हती. त्यांचे जेवण वेगळ्या भांड्यांत, आधी शिजवून साडेपाचला वाढायचे ठरले.

पाच घरांकडून मात्र काहीच आले नाही. त्यांतल्या तिघांकडे पत्रिका पोहोचली होती, पण घरातले कोणी समक्ष गेले नव्हते. कुंकू लावून बोलावणे केल्याशिवाय ही मंडळी गटावरच्या विचारणेला उत्तर देत नाहीत. त्यांच्या दृष्टीने अजून त्यांना बोलावलेलेच नसते. अशा घरी पुन्हा निरोप पाठवला तर रुसवा वाढतो. वहिनी आणि दादा स्वतः जाऊन आले, आणि संकेश्वरच्या अण्णांनी चहा पिताना, न विचारताच, आकडा सांगितला. बाकीच्या दोघांचे फोनच बदललेले होते, ते त्यांच्या जावयाकडून कळले. वर सांगितलेली बेरीज या पाचही घरांना धरून आहे. आचाऱ्यांना ती गुरुवारी सकाळी दिली, कारण मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगावे लागते.