तुम्ही विचारलंत म्हणून: त्या मुलाचे दोन लाख

"मावशी, लोन झालं नाही त्यात त्या मुलाचा काय दोष? मग त्याचे दोन लाख तुम्ही का ठेवलेत?"

लोन का झालं नाही, हे कुणी विचारतच नाही, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. खानापूर रोडजवळचा आमचा प्लॉट २२ लाखाला ठरला. त्यानं चार लाख दिले. करारात दोन लाख इसार म्हणून लिहिले, तीन महिन्यांत खरेदी झाली नाही तर जप्त, बाकीचे दोन किमतीपैकी. करार कन्नडमध्ये होता, म्हणून सही करायच्या आधी वकिलांनी ओळन् ओळ मराठीत वाचून दाखवली, तो शेजारीच बसला होता. "लोन नाही झालं तर पैसे परत" अशी ओळ घालायची का, हेही वकिलांनी विचारलं. तो म्हणाला, "गरज नाही, बँकेत बोलणं झालंय."

तिसऱ्या महिन्यात बँकेचं पत्र घेऊन आला. मी ते दोनदा वाचलं. कागदपत्रांबद्दल एक शब्द नव्हता, बँकेच्या वकिलानं टायटल क्लिअर दिलं होतं. पगाराच्या मानानं चालू हप्ते जास्त, एवढंच कारण. तो दारात उभा राहून म्हणाला, "मावशी, बायकोचं सोनं मोडून आणलेत हो." त्या रात्री मला झोप लागली नाही, हेही खरं.

आमच्या जाऊबाईंच्या शेतात उलटं झालं. सर्व्हे नंबरातला तुकडा विकायचा होता आणि ११-ई नकाशाच काढलेला नव्हता. त्याशिवाय त्या तुकड्याची खरेदी नोंद होत नाही. तिथं अडचण विकणाऱ्याची, म्हणून इसारासकट पै न् पै परत द्यायला मीच लावली.

आमचे दीर म्हणत होते चारही लाख ठेव. ते मी ऐकलं नाही. सतीश बत्रा खटल्यात सुप्रीम कोर्टानं २०१२ साली सांगितलंय की जप्त होतो तो इसार, किमतीपोटी दिलेला हप्ता नाही. म्हणून वरचे दोन लाख मी त्याच आठवड्यात त्याच्या खात्यावर टाकले.

आता राहिलेल्या दोन लाखांचं. तेव्हा मला वाटायचं करारात लिहिलंय म्हणजे विषय संपला. पण २०१५ च्या कैलासनाथ निकालात कोर्टानं इसारालाही करार कायद्याचं कलम ७४ लावलं, म्हणजे नुकसान झालेलं असावं लागतं आणि भरपाई वाजवी हवी, करारातला आकडा ही वरची मर्यादा. माझा प्लॉट पुढं सव्वाएकवीसला गेला. म्हणजे किमतीत पाऊण लाख कमी आले, आणि तेवढे महिने दुसरं गिऱ्हाईक मी दारातून परत पाठवत होते त्याचे किती धरायचे ते कोण ठरवणार? वकील म्हणतात किमतीच्या दहा टक्क्यांच्या आतला इसार सहसा वाजवी धरतात, माझा नऊच्या आसपास येतो. दीर म्हणतात गप्प बस. मला दोन्ही पटतं आणि पूर्ण कुठलंच पटत नाही. त्यानं हिशोब मागितला तर मी वकिलांसमोर बसायला तयार आहे, पण "लोन झालं नाही" एवढ्यावर मी परत देणार नाही.