परिचयातल्या चार ओळी

कार्यक्रमपत्रिकेतला वक्त्याचा परिचय दोघंच मन लावून वाचतात: ज्याचा आहे तो, आणि त्याच्याशी ज्याचं पटत नाही तो. बाकीचे सगळे थेट जेवणाची वेळ बघतात. तरीही परवा आमच्या सरांनी एका परिषदेच्या समन्वयकांना परिचयातल्या चुकांबद्दल पत्र लिहिलं. टंकलेखनाला मी होते, म्हणून ते घडताना पाहता आलं.

सर इतिहासाचे. गोवा विद्यापीठातून निवृत्त झाले, पण फोंड्याहून पणजीच्या पुराभिलेखागारात अजून जातात आणि मोडी कागद वाचतात. समितीने साठ शब्दांत परिचय मागितला होता, सरांनी पानभर पाठवला. मग कुणा विद्यार्थी स्वयंसेवकाने त्याची छाटणी केली असणार. छाटणीत पहिली कात्री लागते ती छोट्या शब्दांना, आणि खरेपणा नेमका त्यांच्यातच असतो. ‘प्रभारी विभागप्रमुख’मधला प्रभारी गेला. एका ग्रंथाचे ‘सहसंपादक’ होते, त्यांचे छापून येईपर्यंत ‘लेखक’ झाले.

पीएच.डी.ची ओळ तर अशी: ‘१९८३ साली गोवा विद्यापीठातून’. गोवा विद्यापीठ सुरू झालं १९८५ साली. त्याआधी इथली महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती आणि पदव्युत्तर शिक्षण-संशोधनासाठी त्याच विद्यापीठाचं एक केंद्र पणजीत होतं. सरांचा प्रबंध तिथला. म्हणजे पत्रिकेनुसार सरांना जन्माला न आलेल्या विद्यापीठाने पदवी दिली होती!

सरांना खरी टोचली ती चौथी चूक. अभ्यासाचा विषय ‘जुन्या काबिजादींतील जमीन’ असा छापला होता. जुन्या काबिजादी म्हणजे तिसवाडी, बारदेश, सासष्टी. सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांच्या ताब्यात गेलेल्या. सरांचं काम नव्या काबिजादींवर, म्हणजे पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा वगैरे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जिंकलेल्या मुलखावर. मध्ये दोनशेहून अधिक वर्षं. एवढ्या काळात जमिनीचे हक्क बदलतात, कागदांची लिपी आणि भाषाही बदलते. “आता सासष्टीचे लोक येऊन मला प्रश्न विचारणार,” सर म्हणाले, “आणि मी काय सांगू?”

पहिल्या मसुद्यात हाच मुद्दा सर्वांत वर होता. सरांनी तो खाली नेला आणि ‘लेखक’ची चूक वर आणली. त्या ग्रंथाच्या दुसऱ्या संपादक बाई श्रोत्यांत असणार होत्या; पत्रिकेने त्यांचं नावच पुसलं होतं. आपला मान वाढवणारी चूक आधी सांगायची, कमी करणारी नंतर, असा सरांचा क्रम. मला तो पटला. उलट क्रमाने लिहिलं असतं, तर मोठेपणाच्या चुका नाइलाजाने कबूल केल्यासारख्या वाटल्या असत्या.

मी उत्साहाने घातलेलं ‘एवढ्या मानास मी पात्र नाही’ हे वाक्य सरांनी खोडलं. नम्रतेची ती जाहिरात त्यांना नको होती. ‘आपल्याकडून झालेल्या चुका’ऐवजी ‘पत्रिकेत राहिलेल्या चुका’ आलं. गावाचं नाव ‘मडकई’ऐवजी ‘मरकाईम’ छापलं होतं, ते त्यांनी सोडून दिलं. “त्याने कोणाचं काही बिघडत नाही,” म्हणाले.

पत्र साधारण असं झालं: ‘माननीय समन्वयक, सप्रेम नमस्कार. पत्रिका मिळाली, छपाई सुबक आहे. माझ्या परिचयात राहिलेल्या पुढील चुका दुरुस्त व्हाव्यात, ही विनंती.’ खाली प्रत्येक छापील ओळ आणि शेजारी दुरुस्त ओळ. मग मागणी: छापील प्रती आहेत तशाच राहू द्याव्यात, पण संकेतस्थळावरची प्रत बदलावी, शोधनिबंधांच्या ग्रंथात दुरुस्त मजकूर जावा आणि सत्राध्यक्षांना नवा कागद द्यावा. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सत्राध्यक्ष ऐनवेळी पत्रिका उघडून परिचय वाचतात, आणि माइकवरून वाचलेली चूक मागे घेता येत नाही. संपादक बाईंचं नाव मात्र व्यासपीठावरून सांगावं, असं सरांनी वेगळं लिहिलं.

संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. समन्वयकांनी मनापासून दिलगिरी कळवली होती आणि दुरुस्त परिचय जोडला होता. बाईंचं नाव आलं होतं, प्रभारी परतला होता, काबिजादी नव्या झाल्या होत्या. पण कोणीतरी ‘गोवा विद्यापीठ’ जिथे दिसेल तिथे ‘मुंबई विद्यापीठ’ केलं होतं. त्यामुळे ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठातच सगळी नोकरी केलेले सर आता मुंबई विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक झाले होते.

दुसऱ्या पत्रात सरांनी दुरुस्त्यांची यादी दिली नाही. मोजून साठ शब्दांचा पूर्ण परिच्छेद पाठवला आणि खाली लिहिलं, ‘हा मजकूर जसाच्या तसा घ्यावा. तसदीबद्दल क्षमस्व. मडकईही त्यात बरोबर लिहिलं आहे.’