सातव्या मजल्यावरचं पाणी आणि कमिटीला पाठवलेला तिसरा मेसेज

आमच्या बिल्डिंगला गच्चीवर एकच टाकी. तिच्यातून ए आणि बी अशा दोन्ही विंगना पाणी उतरतं. मी बी विंगमध्ये सातव्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर राहते. सकाळी शॉवर सोडला की पाण्याची नुसती दोरी लोंबते. काम शेवटी दुपारभरातच झालं, पण कमिटीला ते करायला लावण्यात अडीच महिने गेले. त्याचा राग अजून आहे.

पहिला मेसेज मी ग्रुपवर टाकला, "वरच्या मजल्यांना पाणी फार कमी येतंय, कृपया लक्ष घाला." त्याला तीन अंगठे आले आणि विषय संपला. दहा-बारा दिवसांनी दुसरा मेसेज टाकला, तो चिडून आणि लांबलचक. सेक्रेटरींचं उत्तर आलं, "आमच्याकडे व्यवस्थित येतं. तुमच्या नळाची जाळी साफ करून घ्या." ते दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांना खरंच त्रास नव्हता, आणि मला नेमकं हेच कळत नव्हतं की टाकी एक, पाइप एक, मग त्यांना नाही आणि मलाच का?

गच्चीवरच्या टाकीतून पाणी स्वतःच्या वजनानेच खाली येतं. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. माझा नळ टाकीतल्या पाण्यापासून जेमतेम अडीच-तीन मीटर खाली, म्हणजे पाव बारच्या आसपास. दुसऱ्या मजल्याला आणखी पाच मजल्यांची, म्हणजे पंधरा मीटरची उंची मिळते. वाटेत कुठे अडथळा असेल आणि तो मीटरभराचा दाब खात असेल, तर खालच्यांना पत्ताही लागत नाही. माझ्याकडचा मात्र तिसरा हिस्सा जातो. त्यामुळे "आमच्याकडे येतं" हे उत्तर खरं असूनही त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

जाळी मी साफ केली होती. ते आधी कराच, नाहीतर पहिल्याच वाक्यात तुमची तक्रार उडवून लावतात.

मग दहा लिटरची बादली घेतली आणि मोबाइलवर वेळ मोजली. खालच्या काकूंनाही त्यांच्याकडे मोजायला लावलं. तिसरा मेसेज ग्रुपवर न टाकता लेखी अर्ज म्हणून दिला, सहाव्या-सातव्या मजल्यावरच्या चौघांच्या सह्या घेऊन, आणि पोच घेतली. मजकूर असा होता:

"माननीय समिती, बी विंगमध्ये दहा लिटरची बादली भरायला लागलेला वेळ: सातवा मजला, सकाळी ७ वाजता ४ मिनिटं, दुपारी २ वाजता ३ मिनिटं १० सेकंद. दुसरा मजला, सकाळी ७ वाजता ४० सेकंद. दोन्ही वेळा टाकी भरलेली होती. दुपारी वापर कमी असूनही फारसा फरक पडत नाही, म्हणून अडथळा गच्चीवरच्या पाइपमध्ये किंवा व्हॉल्व्हमध्ये असावा असं वाटतं. येत्या रविवारी प्लंबर बोलावून, समितीच्या एका सदस्यासमोर बी विंगचा व्हॉल्व्ह तपासावा, ही विनंती."

दुपारचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. दुपारी पाणी झकास आणि फक्त सकाळी कमी असेल, तर एकाच पाइपवर एकदम ओढ पडते असं समजायचं, तो दोष वेगळा. आणि टाकी भरलेली असतानाच मोजा. अर्धी टाकी म्हणजे पाण्याची पातळीच खाली, वरच्या मजल्याला तेवढा फरकही जाणवतो.

"लक्ष घाला" म्हटल्यावर कोणी काय करायचं ते कोणालाच कळत नाही. "रविवारी व्हॉल्व्ह तपासा" म्हटल्यावर हो किंवा नाही एवढंच उरतं. तरी दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी प्लंबर आला.

टाकीच्या बुडाशी बी विंगचा गेट व्हॉल्व्ह होता. प्लंबरने चाक उलट फिरवलं, ते फिरतच राहिलं, आणि खाली माझ्या नळाला काडीचाही फरक नाही. त्याने व्हॉल्व्ह उघडून दाखवला. आतली पितळी चकती दांड्यापासून सुटून खाली अडकली होती आणि तिच्या कडेला गंजाचा लाल चिखल. बाहेरून चाक पूर्ण उघडं दिसत होतं. सेक्रेटरींनी ती चकती हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "हे आधीच बघायला हवं होतं." मला तेवढं पुरेसं होतं.

दोन्ही विंगना बॉल व्हॉल्व्ह बसवले. त्याचा दांडा पाइपच्या रेषेत आहे की आडवा, यावरून उघडबंद लांबूनच कळतं.

मधल्या काळात शेजारच्यांनी स्वतःच्या फ्लॅटच्या पाइपवर पंप लावायचं ठरवलं होतं, ते मी हात जोडून थांबवलं. तो पंप सामायिक पाइपातून ओढतो, आणि त्याच पाइपवरच्या बाकीच्या वरच्या घरांचं उरलंसुरलं पाणीही जातं. लावायचाच तर टाकीच्या तोंडाशी, सोसायटीचा, वरच्या मजल्यांच्या वेगळ्या लाइनवर.

आता माझी बादली १ मिनिट ४० सेकंदांत भरते. शॉवर अजून खालच्या मजल्यांसारखा जोरात नाही, आणि तीन मीटरच्या उंचीत तो तसा होणारही नाही. बूस्टर पंपाचा अर्ज मी कालच दिलाय, पोच घेऊन.