पोल्डूच्या कड्यावर: भरदुपारची तीन टिंबं

लहानपणी आमच्या घरी रेडिओ लावला की निवेदक आधी मीटर सांगायचा आणि मग किलोहर्ट्झ. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर, म्हणजे साधारण ३७८ मीटरवर लागायचं. त्या काळात एक गोष्ट अंगवळणी पडली होती. दिवसा पुणे-मुंबई सोडून काही धड लागायचं नाही, पण रात्री नऊनंतर काटा जरा सरकवला की अनोळखी भाषांमधली गाणी खरखरत घरात यायची. असं का होतं, हे तेव्हा कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

ते सगळं गेल्या सप्टेंबरात इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या पोल्डूच्या कड्यावर उभा असताना आठवलं.

माझी भाची ब्रिस्टलला असते. तिच्या गाडीतून निघालो. हेल्स्टन गाव मागे टाकलं की रस्ता इतका चिंचोळा होतो की दोन्ही बाजूंची झुडपं काचा पुसत जातात. समोरून ट्रॅक्टर आला तर कुणीतरी एकाने मागे जायचं, आणि तो मान बहुतेक आपल्याकडेच येतो. मुलियन गावाजवळ पोल्डूची छोटी वाळूची खाडी लागते. तिथे गाडी लावून कड्यावर चढलो. वर पोचेपर्यंत छत्री दोनदा उलटी झाली, तिसऱ्यांदा मी ती मिटूनच टाकली.

"मामा, इथे बघायचं काय आहे?" भाचीने विचारलं. प्रश्न रास्त होता. एक ग्रॅनाइटचा स्मारकस्तंभ, गवतात बुडालेले काँक्रीटचे चौथरे, हौशी रेडिओवाल्यांनी चालवलेलं एक बैठं माहिती केंद्र, आणि पुढे थेट अमेरिकेपर्यंत पाणी.

"रेडिओ लहरी मार्कोनीने इथेच शोधल्या ना?"

नाही. शोधल्या जर्मनीत कार्ल्सरूहला, हाइनरिश हर्ट्झने, १८८६ ते १८८८च्या दरम्यान. निवेदक रोज ज्याचं नाव घ्यायचा तोच हा हर्ट्झ. अशा लहरी असणार आणि त्या प्रकाशाच्याच वेगाने धावणार, हे मॅक्सवेलने वीसेक वर्षं आधी गणिताने मांडलं होतं, पण त्या कुणी पाहिल्या नव्हत्या. हर्ट्झने एका तारेच्या दोन टोकांना धातूचे गोळे लावले, मधोमध बारीक फट ठेवली आणि तिथे ठिणगी पाडली. ठिणगी पडली की तारेतली वीज झपाट्याने मागेपुढे झुलते आणि लहरी बाहेर पडतात. त्या पकडायला त्याच्याकडे होतं फक्त एक तारेचं कडं, त्यालाही केसाएवढी फट. लहर पोचली की त्या फटीत इवलीशी ठिणगी दिसायची. ती पाहायला खोलीत अंधार करावा लागे आणि डोळे त्या अंधाराला सरावेपर्यंत थांबावं लागे.

पण ठिणगी दिसली म्हणून लहर सिद्ध होत नाही. हर्ट्झने काय केलं, तर व्याख्यानाच्या मोठ्या खोलीत एका भिंतीला जस्ताचा पत्रा ठोकला. दोरीचं एक टोक भिंतीला बांधून दुसरं हलवत राहिलं की दोरीत काही जागा स्थिर राहतात आणि मधल्या जागा जोरात उडतात, ते आपण सगळ्यांनी केलंय. पत्र्यावर आपटून परतणारी लहर आणि येणारी लहर मिळून हवेत तसंच व्हायला हवं. तो कडं हातात घेऊन पत्र्यापासून मागे मागे सरकत गेला. कुठे ठिणगी लांब, कुठे आखूड, कुठे गायब. जिथे ती गायब होते अशा लागोपाठच्या दोन जागांमधलं अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी. ती हाती आली, आणि तारेतली वीज सेकंदात किती वेळा झुलते याचा हिशोब त्याने मांडलेलाच होता. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वेग. अदृश्य गोष्ट फूटपट्टीने मोजणारा हा माणूस १८९४च्या १ जानेवारीला गेला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी.

हर्ट्झची लहर खोली ओलांडायची. मार्कोनीने तिला समुद्र ओलांडायला लावायचं ठरवलं. बहुतेक जाणत्यांचं म्हणणं होतं की हे शक्य नाही, आणि त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. लहर प्रकाशासारखी सरळ जाते, पृथ्वी गोल आहे, मग ती क्षितिजापाशी अवकाशात निघून जाईल. पण १९०१च्या जानेवारीत इथून जवळच, लिझर्डच्या टोकावरच्या लाकडी खोपटात, मार्कोनीला आइल ऑफ वाइटवरून सुमारे ३०० किलोमीटरचा संदेश ऐकू आला. क्षितिज मध्ये आडवं असूनही. का, ते त्यालाही सांगता येत नव्हतं. ती खोपटी अजून जपून ठेवली आहेत, आम्ही नंतर तिथेही गेलो.

पोल्डूला त्याने वीस डोलकाठ्यांचं वर्तुळ उभारलं, प्रत्येक काठी ६१ मीटर उंच. लहरी सोडणाऱ्या प्रेषक यंत्राची आखणी अँब्रोज फ्लेमिंग या प्राध्यापकाची. खोलीपुरती हर्ट्झची ठिणगी नव्हे ही. २५ किलोवॉटचं जनित्र आणि ते फिरवायला तेलावर चालणारं इंजिन. डोलकाठ्या मात्र एकमेकींना तारांनी अशा बांधल्या होत्या की एक गेली तर सगळ्या जाणार. सप्टेंबर १९०१च्या वादळात तसंच झालं. आमच्या छत्रीचं जे झालं ते पाहता मला नवल वाटलं नाही. मग घाईने दोनच उंच काठ्या उभारून त्यांच्यामध्ये पंख्यासारख्या तारा सोडल्या. पलीकडे अमेरिकेत केप कॉडला असंच वर्तुळ बांधलं होतं, नोव्हेंबरात तेही कोसळलं. तेव्हा मार्कोनी जवळच्या किनाऱ्याला, न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्सला गेला आणि सिग्नल हिलवरच्या एका बंद पडलेल्या इस्पितळात बसला. तिथे काठी उभारायला वेळ नव्हता, म्हणून अँटेना पतंगाला बांधली. आधी एक फुगा वाऱ्याने नेला, मग एक पतंग. दुसरा पतंग कसाबसा दीडशे मीटरवर टिकला.

पोल्डूकडून ठरल्या वेळी फक्त ‘एस’ हे अक्षर पाठवायचं होतं, मोर्समध्ये तीन टिंबं. लांब रेघ पाठवली तर स्विचमधला वीजकंस विझत नसे, म्हणून टिंबं, असं सांगतात. १२ डिसेंबरला तिकडच्या दुपारी साडेबारा वाजता मार्कोनीने टेलिफोनचा कानाचा तुकडा सहाय्यक केम्पकडे दिला आणि तुलाही ऐकू येतंय का असं विचारलं. दोघांनी ऐकल्याचं लिहून ठेवलं. अंतर सुमारे ३,४०० किलोमीटर.

इथे आपल्याकडचा एक धागा आहे. लहरी पकडणारं मार्कोनीचं ग्राहक यंत्र ठरावीक तरंगलांबीला नीट जुळवून घेतलेलं होतं, पण ते त्या दिवशी उपयोगी पडलं नाही, कारण पतंग वरखाली झाला की तारेची धारकता, म्हणजे वीज साठवायची क्षमता, बदलायची आणि जुळणी बिघडायची. त्याने वापरला पाऱ्याच्या थेंबाचा कोहिरर, म्हणजे लहर पोचल्याचं ओळखणारं छोटं उपकरण, आणि त्याला जोडलेला टेलिफोन. तो त्याला इटालियन नौदलाच्या एका अधिकाऱ्याकडून मिळाला होता. पण लोखंड आणि पारा वापरलेला, टेलिफोनला जोडायचा असाच कोहिरर जगदीशचंद्र बोस यांनी १८९९मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला होता. मार्कोनीच्या भाषणांत बोसांचं नाव आलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच म्हणतो.

आता माझी अडचण. पोल्डूच्या लहरीची लांबी नंतर ३६६ मीटर सांगितली गेली. त्या दिवशी ती कुणी मोजली नव्हती आणि काही अभ्यासक ती जास्तच धरतात, पण ३६६ मानली तर पुणे केंद्राच्या अगदी शेजारी! आणि सेंट जॉन्सला दुपारचे साडेबारा म्हणजे इथे जेमतेम चार, सूर्य मावळायच्या बेताला. सबंध वाट उजेडात. भरदुपारी पुणे केंद्र नागपुरातसुद्धा लागत नाही, आणि हे अटलांटिकपार?

कड्यावरच्या माहिती केंद्रातल्या एका वयस्कर हौशी रेडिओवाल्यासमोर मी हे मांडलं. तो हसला. म्हणाला, इथे येणारा प्रत्येक मीडियम-वेव्ह ऐकणारा हेच विचारतो. कागदी पट्टीवर त्या दिवशी काही उमटलं नाही. फक्त दोन कान होते, आणि काय ऐकायचं ते त्यांना आधीच ठाऊक होतं. पतंगाच्या तारेत वातावरणाची कडकड कायमच येत असते. कुणी म्हणतं, ठिणगीतून आखूड लहरीही निघत असतील आणि जुळणी नसलेल्या ग्राहकाने त्याच पकडल्या असतील. कुणी म्हणतं, भासच.

मार्कोनीने स्वतःच यावर उतारा शोधला. फेब्रुवारी १९०२मध्ये ‘फिलाडेल्फिया’ या बोटीने तो अमेरिकेला निघाला आणि पोल्डूचे संदेश पट्टीवर छापून घेत गेला. रात्री अडीच हजार किलोमीटरपर्यंत शब्द उमटले आणि तीन टिंबं त्याहीपुढे, ३,३०० किलोमीटरच्या वर. दिवसा मात्र अकराशे किलोमीटरच्या आसपासच सगळं बंद. माझ्या लहानपणचा काटा! त्याच वर्षी हेविसाइड आणि केनेली यांनी सुचवलं की वर विद्युतभारित हवेचा थर असणार आणि लहरी त्यावरून परततात. पुढे १९२४मध्ये ॲपलटनने तो दाखवून दिला. दिवसा सूर्यामुळे त्याच्याखाली आणखी एक थर तयार होतो आणि तो मध्यम लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो, आणि अनोळखी गाणी घरात येतात.

निघताना त्या गृहस्थाने विचारलं, भारतात कुठून? पुण्याहून म्हटल्यावर तो म्हणाला, "किर्की आणि धोंड!" क्षणभर कळलंच नाही. मग पेटलं. खडकी आणि दौंड.

१९२३-२४मध्ये याच कड्यावरून मार्कोनीचा अभियंता फ्रँकलिन आखूड लहरींचे प्रयोग करत होता. लांबी ३२ मीटरवर आणली तेव्हा त्या दिवसाही दूर पोचू लागल्या, कारण तो खालचा थर त्यांना फारसा अडवत नाही. त्यातूनच बीम वायरलेस निघालं, म्हणजे लहरी चहूकडे न उधळता एकाच दिशेला झोताने सोडायच्या. १९२७मध्ये इंग्लंड-भारत सेवा सुरू झाली तेव्हा आपल्याकडचा प्रेषक खडकीला होता आणि ग्राहक दौंडला. दोन्ही एकाच ठिकाणी ठेवले तर आपल्याच प्रेषकाच्या गोंगाटात ग्राहक बहिरा होईल.

गाडीकडे उतरताना भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, दौंडला इंजिन फिरवायला गाडी थांबायची तेव्हा तू डब्यात बसून किती वैतागायचास, आठवतंय?"