फोटोतला गुडघा

"मॅडम, आसनाचा फोटो पाठवलाय. गुडघा, पाठ, खांदे नीट आहेत का, एवढं फोटो बघून सांगा की!"

सांगता येतं, पण निम्मंशिम्मं. आणि ते निम्मं सांगायच्या आधी मी फोटोतल्या माणसाकडे बघतच नाही. बघते ती मागच्या दाराची चौकट.

एकच आसन घेऊन सांगते, वीरभद्रासन दोन: पाय फाकवून उभं राहायचं, एक पाऊल बाजूला वळवून तो गुडघा वाकवायचा, हात दोन्ही बाजूंना पसरायचे. नवीन शिकणाऱ्यांचे सगळ्यात जास्त फोटो त्याचेच येतात, कारण ते दिसतं सोपं आणि उभंही राहता येतं. शिवाय गुडघा, कणा आणि खांदे तिन्ही एकाच फ्रेममध्ये उघडे पडतात. उदाहरण म्हणून मिरजेच्या एका ताईंचा फोटो घेते, त्यांना विचारूनच. चाळिशीच्या, बँकेत नोकरी, नुकत्याच वर्गात यायला लागलेल्या. उजवा पाय पुढे घेतला की गुडघ्याच्या आतल्या बाजूला ओढ बसते, ही त्यांची तक्रार.

पहिला फोटो मुलाने हॉलमध्ये काढलेला. ताई छातीने कॅमेऱ्याकडे, उजवा गुडघा वाकवलेला, दोन्ही हात बाजूला. गुडघा घोट्याच्या पार पुढे गेलेला दिसत होता. आता ती चौकट बघा. दाराची उभी बाजू खरी सरळ असते, गवंड्याने ओळंबा लावूनच बसवलेली असते. या फोटोत मात्र ती खालच्या अंगाला फ्रेमच्या मध्याकडे कललेली होती. म्हणजे मुलगा उभा होता आणि फोन खाली झुकवून धरला होता. असा फोन झुकला की सगळ्या उभ्या रेषा खाली एकमेकींजवळ येतात आणि वर फाकतात. फ्रेमच्या कडेला असलेली नडगीसुद्धा तशीच फाकते: घोटा आत, गुडघा बाहेर. सरळ नडगीचा गुडघासुद्धा 'पुढे गेलेला' दिसणार. त्यात फोन जवळ असेल किंवा ०.५x वर असेल तर कडेच्या वस्तू आणखी ताणल्या जातात.

म्हणून नडगीची तुलना मनातल्या सरळ रेषेशी नाही, तिच्या जवळच्या चौकटीशी करायची. दोन्ही सारख्याच कलल्या असतील तर दोष कॅमेऱ्याचा. ताईंच्या फोटोत चौकट थोडी कलली होती आणि नडगी तिच्यापेक्षा बरीच जास्त. म्हणजे कॅमेराही चुकला होता आणि गुडघाही. पण किती, हे त्या फोटोवरून ठरवणं म्हणजे अंदाजपंचे.

दुसरे फोटो मागवले. फोन खुर्चीवर, खाली दोनचार डबे ठेवून कमरेच्या उंचीवर, न झुकवता पूर्ण उभा, आठ-दहा फूट लांब. साधी १x लेन्स, कॅमेऱ्याच्या सेटिंगमधली चौकोनी जाळी चालू, टायमर लावून मागच्या कॅमेऱ्याने. पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो काही फोनमध्ये आरशासारखा उलटा जतन होतो. मग मी 'उजवा गुडघा' म्हणते आणि समोरचा माणूस डावा दुरुस्त करत बसतो. फोटो दोन हवेत: एक छातीच्या बाजूने, दुसरा पुढच्या पायाच्या बोटांसमोरून. कारण गुडघा दोन वेगळ्या दिशांना चुकतो. पुढे-मागे चुकतो ते छातीकडून दिसतं. अंगठ्याच्या बाजूला आत पडतो ते छातीकडून दिसत नाही, कारण तेव्हा तो थेट कॅमेऱ्याकडेच येत असतो आणि सपाट फोटोत खोली कळत नाही.

तरी छातीकडच्या फोटोत एक खूण सापडते, गुडघ्याची वाटी. पाऊल बाजूला वळलेलं आहे, तर वाटीही तिकडेच बघायला हवी, म्हणजे आपल्याला ती कडेवरून दिसेल. ती समोरून गोल दिसत असेल तर मांडी आत वळली आहे, पाऊल काहीही सांगो. (यासाठी तरी लेगिंग्ज किंवा गुडघ्यावर बसणारी ट्रॅक पँट घाला. सलवारीत काय दिसणार, कपाळ!) ताईंची वाटी चांगली समोर दिसत होती. बोटांकडच्या फोटोत खात्री झाली. गुडघ्याच्या मध्यातून खाली रेघ ओढली तर ती दुसऱ्या बोटावर यायला हवी, त्यांची अंगठ्याच्याही आत पडत होती. पावलाची कमानही बसली होती.

इथे बरेच शिक्षक "गुडघा बाहेर ढकला" म्हणतात आणि सोडून देतात. ढकलला की चार सेकंद जातो, परत येतो. तो आत का येतो ते शोधायला लागतं.

ताईंच्या बाबतीत दोन कारणं होती. पहिलं मोजता येण्यासारखं. त्यांच्या हॉलमध्ये दोन बाय दोन फुटांच्या फरश्या, आणि दोन पावलांमधलं अंतर जेमतेम दीड फरशी, म्हणजे तीन फूट. अय्यंगार पद्धतीत या आसनाला चार ते साडेचार फूट सांगतात. बुटक्या माणसाला थोडं कमी चालतं. हात बाजूला पसरून मनगटांच्या साधारण खाली घोटे आले की पुरे. अंतर कमी ठेवून खोल बसायला गेलं की नडगी पुढे कलणारच, दुसरी वाटच नसते. मागचं पाऊल फूटभर मागे नेल्यावर नडगी चौकटीला समांतर झाली, गुडघ्याला हातही न लावता. तसा घोट्याच्या किंचित पुढे गेलेला गुडघा मला फारसा घाबरवत नाही. जिना चढता-उतरताना तो रोज जातो. वजनाखाली आत वळलेला गुडघा मात्र मी सोडत नाही, आणि ताईंची ओढही नेमकी आतल्या बाजूलाच होती.

वाटी अजूनही समोरच दिसत होती. दुसरं कारण त्यांनीच सांगितलं. कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं होतं, "कंबर पूर्ण समोर उघडा, दोन्ही खुबे एका भिंतीला समांतर." बहुतेकांचा खुबा तेवढा वळतच नाही. जबरदस्तीने मागचा खुबा मागे खेचला की ओटीपोटाचा सगळा सांगाडा फिरतो आणि पुढच्या मांडीला आत ओढून नेतो. गुडघा बिचारा मधे सापडतो. त्यांना सांगितलं, मागचा खुबा थोडा पुढे येऊ द्या, मांडी जमिनीला समांतर करायचा हट्ट सोडा, अंगठ्याच्या मुळाशी आणि टाचेवर सारखं वजन ठेवा. पुढच्या फोटोत वाटी कडेवरून दिसली आणि रेघ दुसऱ्या बोटावर आली.

एक सावधगिरी आहे. काहींचं नडगीचं हाडच मुळात थोडं बाहेर पिळलेलं असतं. त्यांची वाटी सरळ ठेवली तर पाऊल फाकतं आणि पाऊल सरळ ठेवलं तर गुडघा आत दिसतो. ते ओळखायला खुर्चीत बसवून, पाय जमिनीवर सैल टेकवून वाटी सरळ समोर ठेवायला सांगते आणि पावलं कुठे बघतात ते बघते. ताडासनाचा, म्हणजे पाय जुळवून नुसतं ताठ उभं राहिल्याचा, एक फोटोही मागवते. त्या माणसाची तुलना त्याच्याच ताडासनाशी करायची, पुस्तकातल्या चित्राशी नाही.

आता कणा. छातीकडच्या फोटोत गळ्याच्या खळगीपासून बेंबीपर्यंत रेघ ओढा आणि पुन्हा चौकटीशी ताडून बघा. नवशिक्यांची ही रेघ पुढच्या गुडघ्याकडे झुकते, कारण नजर पुढच्या बोटांवर असते आणि अंग नजरेमागे जातं. रेघ ओढायचा कंटाळा असेल तर टी-शर्ट बघा. पुढच्या पायाच्या बाजूला कमरेवर चुण्या आणि दुसऱ्या बाजूला कापड ताणलेलं असेल तर चुण्यांची बाजू आखडली आहे. पाठीच्या खालच्या भागाचा बाक मात्र बोटांकडच्या फोटोतच कळतो, कारण तिथून धड कडेवरून दिसतं. पोट पुढे आणि बूड मागे निघालं असेल तर बहुतेक वेळा तोच कंबर उघडायचा हट्ट असतो.

खांद्यांबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात आणि चूक तिथे सगळ्यात कमी असते. ताईंचा मागचा हात खाली आणि पुढचा वर गेलेला होता. "डावा खांदा उचलत नाही वाटतं," असं मुलाचं निदान. मी दोन रेघा ओढल्या, एक मनगटापासून मनगटापर्यंत, दुसरी ती खळगीपासून बेंबीपर्यंतची. त्यांच्यातला कोन काटकोनच निघाला. म्हणजे हात धडाशी बरोबर होते, धडच कललं होतं. पण मग पुढचा हात खाली जायला हवा होता, वर का? नीट बघितलं तर धड चक्क मागच्या पायाकडे कललेलं! नेहमीच्या उलट. गुडघ्याची ओढ चुकवायला ताई नकळत वजन मागे नेत होत्या. गुडघा ठीक झाल्यावरच्या फोटोत हातांची रेघ आपोआप आडवी झाली, खांद्याविषयी एक शब्द न बोलता. कणा उभा असताना एकच हात खाली असेल किंवा रेघ खांद्यापाशी मोडत असेल, तेव्हाच तो खांद्याचा मामला.

खांदे कानाकडे चढलेत का, हे कान आणि खांदा यांतल्या अंतरावरून कळतं, ताडासनाशी तुलना करून. पण हात वर येतो तेव्हा खांद्याचं पातंही थोडं फिरून वर यायलाच हवं, ती सांध्याची रीतच आहे. "खांदे खाली, खाली" करत दाबून ठेवलेले खांदे मला चढलेल्यांइतकेच खटकतात. मान लांब दिसली आणि जबडा सैल असला की मी पुढे जाते.

आता न दिसणारं निम्मं. पायांवर वजन कसं विभागलंय, श्वास कोंडलाय का, आसनात शिरताना गुडघा कसा हलला, यातलं काही फोटोत येत नाही. नवशिक्या माणूस फोटोपुरता तीन सेकंद छान उभा राहतो आणि विसाव्या सेकंदाला गुडघा आत जातो. म्हणून हल्ली मी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मागते आणि शेवटचे पाच सेकंद थांबवून बघते. एक खांदा ताडासनातही स्पष्ट खाली असेल आणि पुढे वाकल्यावर पाठीची एक बाजू उंच दिसत असेल, किंवा गुडघ्याला सूज असेल, तो अडकत असेल, तर मी रेघा ओढत नाही. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा म्हणते, फोटो मग.

ताईंची उजवी बाजू जमली. डाव्या बाजूचे दोन फोटो अजून यायचेत. दोन्ही बाजू सारख्याच निघतील असं मी त्यांना सांगितलेलं नाही.